हाती किती, कागदावर किती?

माझे वडील शेतमजूर होते. आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी रोख मिळे. ठरले तेवढे मिळाले की कमी मिळाले, हे तिथल्या तिथे मोजता येई. कमी मिळाले तर भांडायचे की गप्प बसायचे, हा प्रश्न वेगळा. पण किती कमी मिळाले हे अंगठा उठवणाऱ्या माणसालाही कळत असे. 'तुला किती मिळतात?' या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होते.

घरातला पहिला पगार माझा. पहिले पगारपत्रक मी आईला वाचून दाखवले. एकूण वेतन इतके, कपात इतकी, हाती इतके. ती म्हणाली, "मग हे कापलेलं कुनाकडं गेलं?" मला धड सांगता आले नाही. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस, वर्गात शिकवणारा, आणि स्वतःच्या पगाराचा कागद मला वाचता येत नव्हता. त्या दिवसाची आठवण पुन्हा झाली ती माझ्या एका विद्यार्थिनीमुळे.

२०२५ च्या उन्हाळ्यात तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. मुलाखतीला जाण्यापूर्वी तिने वहीत खर्च मांडला होता: खोलीभाडे ९,०००, मेस ४,०००, शिक्षणकर्जाचा हप्ता ७,५००, घरी पाठवायचे १२,०००, धाकट्या भावाची शिकवणी २,५००, जाणे-येणे ३,००० आणि वरखर्चाला २,०००. बेरीज ४०,०००. मुलाखतीत विचारले, अपेक्षा किती? तिने सांगितले, महिना चाळीस हजार. त्यांनी मान्य केले आणि पत्रात लिहिले, वार्षिक ४,८०,०००. बाराने भागले तर चाळीसच येतात. घरी पेढे वाटले गेले. पहिल्या महिन्याला खात्यात जमा झाले ३४,४८५. पगारपत्रक घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझं काही चुकलं का?"

तिचे चुकले ते एवढेच, की तिने हातातली रक्कम सांगितली आणि समोरच्याने ती कागदावरची समजली. या दोहोंमधला रस्ता कसा मोजायचा, तो या लेखाचा विषय आहे.

तीन रकमा

वडिलांच्या मजुरीला एकच आकडा होता, पगाराला तीन असतात. सर्वांत मोठा आकडा सीटीसीचा, म्हणजे एका माणसावर कंपनीला वर्षाकाठी येणाऱ्या खर्चाचा. त्याच्या आत एकूण वेतन असते, ज्याला ग्रॉस म्हणतात. त्याच्याही आत हाती पडणारी रक्कम असते, तिला आपण निव्वळ वेतन म्हणू.

तिच्या पत्रातल्या चाळीस हजारांची फोड अशी होती. एकूण वेतन ३६,८९९. त्यात मूळ वेतन निम्मे, म्हणजे १८,४४९; उरलेले निरनिराळे भत्ते. याखेरीज कंपनी तिच्या नावे भविष्य निर्वाह निधीत जो हिस्सा भरते तो मूळ वेतनाच्या १२ टक्के, २,२१४ रुपये. आणि ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, ८८७ रुपये. या तिघांची बेरीज चाळीस हजार. पण ग्रॅच्युइटी साधारणतः पाच वर्षांची सलग नोकरी झाल्यावरच मिळते. ती दोन वर्षांत नोकरी सोडून गेली तर हे ८८७ रुपये तिला कधीच दिसणार नाहीत. तरी ते तिच्या 'पगारात' मोजले गेले होते.

मग एकूण वेतनातून तिची स्वतःची कपात झाली. निधीतला तिचा हिस्सा, पुन्हा मूळ वेतनाच्या १२ टक्के, २,२१४. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २००. राहिले ३४,४८५. आयकर काहीच नाही, कारण वर्षाचे उत्पन्न तेवढे होत नव्हते.

कुणी तिचे पैसे खाल्ले नव्हते. तरीही घरी पाठवायच्या बारा हजारांतले साडेपाच हजार कमी पडले होते.

उलटा हिशेब

ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी मी साडेपाच हजार वाढवून सांगीन." मी म्हटले, थांब, तसे केलेस तरी कमीच पडतील.

हे समजायला शेंगा फोडण्याचे उदाहरण पुरे आहे. शंभर किलो भुईमुगाच्या शेंगा फोडल्या तर सत्तर किलो दाणे निघतात असे धरू. तीस टक्के टरफल. आता मला सत्तर किलो दाणे हवे आहेत, तर शेंगा किती आणाव्यात? सत्तरात सत्तरचे तीस टक्के मिळवले तर ९१ किलो होतात. पण ९१ किलो शेंगांतून दाणे निघतील ६३.७ किलोच. कारण टरफल दाण्यांच्या हिशेबाने निघत नाही, शेंगांच्या हिशेबाने निघते. म्हणून सत्तरला ०.७० ने भागायचे, तेव्हा शंभर येतात.

पगाराचेही तसेच. निधीची कपात हाती पडणाऱ्या रकमेवर लागत नाही, ती एकूण वेतनातल्या मूळ वेतनावर लागते. मूळ वेतन एकूण वेतनाच्या निम्मे असेल तर निम्म्याचे १२ टक्के, म्हणजे एकूण वेतनाचे ६ टक्के जातात आणि ९४ टक्के उरतात. व्यवसाय कराचे मात्र तसे नाही. तो टक्क्यात नाही, ठोक २०० रुपये आहे. म्हणून क्रम असा ठेवावा: हव्या असलेल्या रकमेत आधी ठोक कपात मिळवायची, मग येणाऱ्या बेरजेला उरणाऱ्या अंशाने भागायचे.

तिच्या बाबतीत ४०,००० अधिक २००, म्हणजे ४०,२००. याला ०.९४ ने भागले की ४२,७६६. हे झाले हवे असलेले एकूण वेतन. आता सुलट हिशेब करून ताळा घ्यावा, कारण ताळा न घेतलेले गणित म्हणजे ऐकीव गोष्ट. ४२,७६६ चे निम्मे २१,३८३. त्याचे १२ टक्के २,५६६. त्यात २०० मिळवून कपात २,७६६. हाती बरोबर ४०,०००.

समोरचा माणूस सीटीसीच्या भाषेत बोलत असेल तर आणखी एक पायरी. एकूण वेतनात कंपनीचा निधीचा हिस्सा २,५६६ आणि ग्रॅच्युइटीचे १,०२९ मिळवायचे. होतात ४६,३६१, वर्षाचे साधारण ५,५६,३००. म्हणजे चाळीस हजार हाती हवे असतील तर ४ लाख ८० हजारांच्या जागी ५ लाख ५६ हजार सांगायला हवे होते. तिच्या पद्धतीने ५,५१५ रुपये वाढवून ४५,५१५ सीटीसी मागितली असती, तर हाती ३९,२६७ आले असते. पुन्हा ७३३ रुपयांची खोट.

फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो, वर्षाचे २,५०० भरून यावेत म्हणून. त्या महिन्यात शंभर रुपये कमी दिसले तर घाबरू नये. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून हा कर नाही. आमच्या विद्यार्थिनीचे वेतन त्याच्या वर असल्याने तिला तो लागला. आणि ज्यांचे वेतन महिना २१,००० पर्यंत आहे त्यांच्यापैकी कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्यांचे आणखी पाऊण टक्का जाते. त्यांनी ०.९४ ऐवजी ०.९३२५ ने भागावे.

मूळ वेतन किती, हे आधी विचारावे

वर मी मूळ वेतन निम्मे धरले. हे गृहीत आहे आणि सगळे उत्तर त्यावर उभे आहे. पूर्वी अनेक ठिकाणी मूळ वेतन तीस-पस्तीस टक्के दाखवून बाकी सारे भत्त्यांत टाकत, म्हणजे निधीचा हिस्सा कमी भरावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यात वेतनाची जी व्याख्या आहे तिच्याप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून आज निम्मे धरणे सोयीचे आहे. उलट कमी पगाराच्या पुष्कळ नोकऱ्यांत जवळजवळ सगळा पगारच मूळ वेतन व महागाई भत्ता असतो. तिथे पूर्ण १२ टक्के जातात आणि ०.८८ ने भागावे लागते.

दुसरी गोष्ट मर्यादेची. निधीच्या योजनेत सक्तीची वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून महिना १५,००० ही ठरली. काही कंपन्या मूळ वेतन कितीही असले तरी पंधरा हजारांवरच १२ टक्के कापतात, म्हणजे ठोक १,८००. अशा ठिकाणी निधीची कपातही व्यवसाय करासारखी ठोक होते आणि भागाकाराची गरजच उरत नाही. चाळीस हजार अधिक १,८०० अधिक २००, एकूण वेतन ४२,०००. त्याच माणसाला, त्याच हाती पडणाऱ्या रकमेसाठी, एका कंपनीत ४२,७६६ मागावे लागतात आणि दुसरीत ४२,०००. पगारपत्रकावर निधीसमोर १,८०० हा आकडा दिसला की समजावे, इथे मर्यादा लावली आहे.

आणि पूर्वी कधीच निधीचा सदस्य नसलेला माणूस पंधरा हजारांहून जास्त मूळ वेतनावर पहिल्यांदा नोकरीला लागला, तर त्याला निधीत जाणे सक्तीचे नाही. रुजू होताना अकरा नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात हे ठरते. आमच्या विद्यार्थिनीने तो फॉर्म न वाचता सही करून दिला होता. पुढे काय बरे याचा विचार आम्ही दोघांनी केला. निधीतून बाहेर राहिली असती तर हाती दोन हजार जास्त आले असते. पण निधीत राहिल्याने तिचे २,२१४ आणि कंपनीचे २,२१४ असे दरमहा ४,४२८ तिच्या नावावर साठतात. २०२४-२५ सालासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. तिच्या वडिलांच्या पाठीवर चाळीस वर्षे पोती होती आणि म्हातारपणासाठी एक रुपया साठलेला नाही. हे तिला मी सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "राहू दे सर, निधी राहू दे. भावाची शिकवणी मी रविवारी स्वतः घेईन." हा निर्णय तिचा. माझे म्हणणे इतकेच, की तो सही करण्याआधी व्हावा.

कर आला की रस्ता वळतो

इथपर्यंत आयकर नव्हता. दुसरा प्रसंग माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा. नऊ-दहा वर्षे नोकरी झालेली, घराचा हप्ता डोक्यावर. त्याला महिना पूर्ण एक लाख हाती हवे होते. त्याचे एकूण वेतन वर्षाला १२,७५,००० होते आणि कंपनी ते १३,२५,००० करायला तयार होती. तो खूश होता. मी म्हटले, सही करण्यापूर्वी हिशेब मांडू.

करासाठी वर्षाचा हिशेब करावा लागतो. २०२५-२६ सालच्या नव्या करप्रणालीत पगारदाराला आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. निधीतला आपला हिस्सा किंवा व्यवसाय कर या प्रणालीत वजा होत नाही. राहिलेल्या रकमेतल्या पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के आणि १२ ते १६ लाखांमधल्या रकमेवर १५ टक्के. म्हणजे १२ लाखांवर कर होतो ६०,०००. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर हे साठ हजार पूर्ण माफ होतात. पगारदाराची सीमा म्हणूनच १२,७५,००० वर येते.

सीमा ओलांडली की साठ हजारांची माफी जाते. मग एका रुपयासाठी साठ हजार कर भरायचा का? तसे होऊ नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत आहे: बारा लाखांवर जितके जास्त कमावले, त्याहून जास्त कर घेतला जात नाही. मात्र त्या करावर ४ टक्के उपकर लागतोच. याचा अर्थ नीट पाहावा. सीमेच्या लगेच पुढे वाढलेल्या प्रत्येक शंभर रुपयांवर शंभर रुपये कर, चार रुपये उपकर आणि सहा रुपये निधी. शंभर वाढले आणि कपात झाली एकशेदहा.

आता त्याचा हिशेब. १२,७५,००० वर कर शून्य, निधी ७६,५००, व्यवसाय कर २,५००, हाती ११,९६,०००, महिना ९९,६६७. नव्या १३,२५,००० वर निधी ७९,५००. व्यवसाय कर २,५००. बारा लाखांवरचे जास्तीचे उत्पन्न ५०,००० म्हणून कर ५०,००० आणि उपकर २,०००. हाती ११,९१,०००, महिना ९९,२५०. पन्नास हजारांची पगारवाढ, आणि दरमहा ४१७ रुपये कमी. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

मग लाखासाठी किती मागावे? नेहमीप्रमाणे कर नाही असे धरून सुरुवात करू. वर्षाचे १२,००,००० अधिक २,५००, भागिले ०.९४, म्हणजे १२,७९,२५५. पण ही रक्कम सीमेच्या पुढे गेली; म्हणजे 'कर नाही' हे गृहीत मोडले आणि उत्तर बाद झाले. सवलतीच्या पट्ट्यात उत्तर असणे शक्य नाही, कारण तिथे हाती पडणारी रक्कम घटतच जाते. हा पट्टा एकूण वेतन सुमारे १३,४५,६०० झाले की संपतो. तिथे नेहमीच्या दराने होणारा कर जास्तीच्या उत्पन्नाइतका होतो. उत्तर त्यापलीकडेच शोधायला हवे.

पलीकडे प्रत्येक वाढीव शंभरावर कर १५, उपकरासह १५.६०, निधी ६, उरतात ७८.४०. या दराने मागे मोजत गेले की १२ लाख हाती येण्यासाठी एकूण वेतन १३,५९,६९४ लागते. ताळा घेऊ. निधी ८१,५८२, व्यवसाय कर २,५००, करपात्र उत्पन्न १२,८४,६९४, त्यावर कर ६०,००० अधिक ८४,६९४ चे १५ टक्के, म्हणजे ७२,७०४, उपकर २,९०८. सगळे वजा केले की बरोबर १२,००,०००.

महिना ९९,६६७ वरून एक लाखावर जायला, म्हणजे वर्षाच्या ४,००० रुपयांसाठी, वेतन ८४,६९४ ने वाढावे लागते. त्यातले ७५,६१२ करात आणि ५,०८२ स्वतःच्याच निधीत जातात. म्हणून मी त्याला म्हटले, एक तर १२,७५,००० वरच थांब, नाहीतर १४ लाखांच्या पुढे बोल. चौदा लाखांवर हाती महिना १,०२,६३३ येतात. मधला पट्टा कागदावर पगारवाढ दाखवतो, घरात दाखवत नाही.

हे सर्व आकडे पगाराखेरीज दुसरे उत्पन्न नाही असे धरून आहेत. बँकेतल्या ठेवीचे व्याजही करपात्र उत्पन्नात मिळते. वीस हजार व्याज येत असेल तर पगाराची सीमा तेवढीच अलीकडे, १२,५५,००० वर सरकते. वर्षाच्या मध्ये नोकरी लागली तर त्या वर्षाचा पगार कमी महिन्यांचा, म्हणून कर कमी कापला जातो. पुढच्या एप्रिलपासून कपात वाढते आणि माणूस गोंधळतो. जुनी करप्रणाली निवडली तर निधी, घरभाडे यांच्या वजावटी येतात आणि गणित नव्याने मांडावे लागते. करप्रणाली नवी असो वा जुनी, रीत तीच राहते: गृहीत धरा, भागा, ताळा घ्या, आणि गृहीत मोडले असेल तर पुढच्या पट्ट्यात जा.

आमच्या विद्यार्थिनीने आता वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. तुम्ही म्हणता ती रक्कम सीटीसी की एकूण वेतन? त्यात मूळ वेतन किती? निधी पूर्ण मूळ वेतनावर कापणार की पंधरा हजारांवर? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याखेरीज ती आपला आकडा सांगत नाही.

आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येते. कापलेल्यातला मोठा भाग, आई, माझ्याच नावावर आहे. थोडा सरकारकडे गेला. आणि थोडा असा आहे, जो पाच वर्षे टिकलो तरच आपला.